चेहऱ्यावर गाव लिहिलेले नसते

२०१२ सालच्या पावसाळ्यात एक छायाचित्र मोबाइलवरून आणि इंटरनेटवरून घरोघर पोहोचले. लालसर वस्त्रे घातलेले, डोके मुंडवलेले अनेक भिक्षू उभे आणि त्यांच्या पायाशी मृतदेहांचा खच. खाली मजकूर असा, की ब्रह्मदेशात, म्हणजे म्यानमारमध्ये, बौद्ध भिक्षूंनी मुसलमानांची कत्तल केली, तिचे हे दृश्य. त्या वर्षी जूनमध्ये म्यानमारच्या राखाइन प्रांतात दंगली खरोखरच उसळल्या होत्या. त्यामुळे चित्र पाहणाऱ्याला शंका यायचे कारणच उरले नाही. भिक्षू बौद्ध, नाकडोळे ‘तिकडचे’, बातमी तिकडची. जुळले सगळे!

प्रत्यक्षात ते चित्र दोन वर्षे जुने होते आणि म्यानमारचे नव्हतेच. १४ एप्रिल २०१० रोजी चीनच्या चिंगहाई प्रांतात, युशू या तिबेटी वस्तीच्या भागात मोठा भूकंप झाला. सुमारे २,७०० माणसे दगावली. जवळपासच्या मठांतले भिक्षू मदतीला धावले, ढिगारे उपसले आणि बेवारस पडलेल्या शेकडो मृतदेहांवर सामुदायिक अंत्यसंस्कार केले. मृतांची शेवटची सेवा करणारी ही माणसे चित्राखालच्या चार ओळींनी मारेकरी ठरली.

असे का झाले? पाहणाऱ्यांनी जागा ओळखली ती चेहऱ्यांवरून. मुंबई-पुण्याच्या डोळ्यांना तिबेटी, ब्रह्मी, नेपाळी, नागा, मणिपुरी हे सारे चेहरे एकाच घरातले वाटतात. खरे तर हिमालयाच्या उतारापासून थेट आग्नेय आशियापर्यंत अशा ठेवणीचे चेहरे पसरलेले आहेत. चेहरा फार तर पूर्वज कुठून आले असतील याचा अंधूक अंदाज देईल. फोटो काढला त्या क्षणी तो माणूस कुठे उभा होता, हे तो कसे सांगणार?

आता तेच चित्र चेहरे हाताने झाकून पाहू. पहिली गोष्ट कपड्यांची. रंग दोन्हीकडे गडद लालच असतो, म्हणून रंग सोडून द्यावा आणि शिवण पाहावी. तिबेटी भिक्षू बिनबाह्यांची शिवलेली बंडी घालतात, खाली घागऱ्यासारखे वस्त्र आणि वरून उपरणे. ब्रह्मदेशातला भिक्षू मोठे चौकोनी वस्त्रच अंगाभोवती गुंडाळतो. अर्थात कपडेही प्रवास करतात. कर्नाटकात बैलकुप्प्याला तिबेटी भिक्षूंची मोठी वस्ती आहे, हे विसरून चालणार नाही. म्हणून नुसत्या कपड्यांवर थांबू नये.

दुसरी गोष्ट हवामानाची, आणि तिला सहसा कोणी विचारत नाही. दंगलीचा महिना जून, ठिकाण राखाइनचा समुद्रकिनारा. तिथे तेव्हा आपल्या कोकणासारखा धुवाधार पाऊस असतो, चिखल असतो, नारळाची झाडे आणि हिरवीगार शेते असतात. युशू समुद्रसपाटीपासून सुमारे ३,७०० मीटर उंचीवर. एप्रिलमध्ये तिथे रात्री पाणी गोठते, डोंगर उघडे-बोडके असतात आणि माणसे जाड कपड्यांत वावरतात. चित्रासोबत जो महिना आणि जे ठिकाण सांगितले आहे, त्या हवेत ही जमीन अशी कोरडी दिसेल का, हा प्रश्न घरबसल्या विचारता येतो.

तिसरी गोष्ट सर्वांत पक्की: चित्र पहिल्यांदा कधी छापले गेले? आज गूगल लेन्ससारख्या सोयीने मोबाइलवरूनच जुनी प्रत शोधता येते. सापडलेल्या प्रतींपैकी सर्वांत जुनी तारीख पाहायची. एप्रिल २०१० मध्ये प्रसिद्ध झालेले चित्र जून २०१२ च्या दंगलीचे असूच शकत नाही. तिथे वाद संपतो. मात्र शोधून काही सापडले नाही, म्हणजे चित्राखालचा मजकूर खरा, असा उलटा अर्थ काढू नये. कुणी चित्र आरशासारखे उलटे फिरवले किंवा कडा कापल्या, तर शोध फसतो.

त्या वेळी एवढे कोणी केले नाही. अशी चित्रे फिरत असतानाच ११ ऑगस्टला मुंबईच्या आझाद मैदानावर, आसाम आणि म्यानमारमधील हिंसाचाराच्या निषेधासाठी भरलेल्या सभेला हिंसक वळण लागले. दोघांचा जीव गेला. त्यानंतर हल्ल्यांच्या अफवा उठल्या आणि बंगळूर, पुण्यासारख्या शहरांतून ईशान्येकडचे हजारो लोक गाड्या भरभरून गुवाहाटीकडे निघाले. एकगठ्ठा एसएमएसवर सरकारला काही दिवस बंदी घालावी लागली. आसामातला झगडा कोक्राझारच्या परिसरातला होता. पण भीती वाटली ती मणिपूरच्या नर्सला, नागालँडच्या विद्यार्थ्याला आणि हॉटेलात काम करणाऱ्या मुलांनाही, कारण रस्त्यावर त्यांची राज्ये कोणी विचारणार नव्हते. चित्रात जी चूक झाली, तीच रस्त्यावर होईल याची ती धास्ती होती.

उलट दिशेनेही अशी गफलत होते. काळासावळा रंग, घट्ट कुरळे केस, डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेल्या बायका आणि मागे दाट जंगल, असा फोटो दाखवला तर दहापैकी नऊ जण आफ्रिका म्हणतील. तो उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर किंवा हल्याळचाही असू शकतो. तिथे सिद्दी समाज पिढ्यान् पिढ्या राहतो आहे. अरब आणि पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी त्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून आणले. आज त्यांच्या घरी मराठी-कानडीचा शिडकावा असलेली कोकणी बोलतात. गुजरातेत गीरजवळच्या जांबूरलाही सिद्दी आहेत आणि मुरूडच्या जंजिऱ्यावर तर १९४८ पर्यंत सिद्दींचेच राज्य होते. त्या फोटोत चेहऱ्यांपेक्षा कोपऱ्यातली एसटी बोलकी. पाटीवर कानडी अक्षरे, नंबरप्लेटवर ‘KA’, म्हणजे गाव कर्नाटकात असण्याचा संभव मोठा. तरी बस सीमा ओलांडते, दुकानाची पाटी ओलांडत नाही, हा फरक लक्षात असू द्यावा.

राहिला रंग. त्याच्यावर तर मुळीच विसंबू नये, कारण फोटोतला रंग हा कातडीचा कमी आणि उजेडाचा जास्त असतो. घरातला लग्नाचा अल्बम उघडून पाहावा. हळदीला उन्हात उभी असलेली नवरी, मांडवात पिवळ्या दिव्यांखालची आणि पाठवणीच्या वेळी ट्यूबलाइटच्या हिरवट प्रकाशातली, या तीन वेगळ्या मुली वाटतात. कॅमेरा स्वतःहून उजेड मोजतो, तेव्हा सगळ्या चित्राची सरासरी मध्यम करू पाहतो. त्यामुळे पाठीमागे पांढरी भिंत किंवा लखलखीत आकाश असले की पुढचा चेहरा काळवंडतो. मोबाइलमधली ‘सौंदर्य’ वाढवणारी सोय वापरली, की तोच चेहरा दोन छटा गोरा होतो.

आणि चित्रात चेहऱ्याशिवाय काहीच नसले तर? सप्टेंबर २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत पाकिस्तानच्या प्रतिनिधी मलीहा लोधी यांनी चेहरा जखमांनी भरलेल्या एका मुलीचे छायाचित्र उंच धरून ते काश्मीरचे म्हणून दाखवले. ती मुलगी गाझाची निघाली. हायडी लेव्हिन या छायाचित्रकार महिलेने २०१४ मध्ये ते टिपले होते. जवळून घेतलेला चेहरा. ना पाटी, ना रस्ता, ना डोंगर. ठिकाण कळले ते मूळ छायाचित्र आणि ते काढणारी व्यक्ती सापडली म्हणून. त्या चेहऱ्याकडे तासभर पाहत बसले असते, तरी ते कळले नसते.