सेन्सेक्स भागिले सोनं

दसरा-पाडवा आला की नेरूळच्या सराफांकडे रांग लागते आणि घराघरांत तोच वाद रंगतो... सोनं की शेअर्स? आमच्या घरी हल्ली बाबा या वादात एक भागाकार घेऊन उतरतात. सेन्सेक्सच्या आकड्याला 10 ग्रॅम सोन्याच्या भावाने भागायचं. उत्तर लहान आलं तर शेअर्स स्वस्त, मोठं आलं तर सोनं स्वस्त. ऑक्टोबर 2025 मध्ये सेन्सेक्स साधारण 84 हजार आणि सोनं सव्वा लाखाच्या वर होतं, म्हणजे उत्तर पाऊणच्याही खाली. बाबा म्हणाले, "आईच्या बांगड्या मोडा, इंडेक्स फंड घ्या!" आईने अर्थातच ऐकलं नाही.

गंमत म्हणजे या भागाकाराचा इतिहास खरंच बोलका आहे. एप्रिल 2003 मध्ये सेन्सेक्स तीन हजारांच्या आसपास आणि सोनं पाच हजारांच्या थोडं वर, म्हणजे उत्तर 0.6 च्या खाली. तिथून शेअर्स सुसाट सुटले. जानेवारी 2008 मध्ये 21 हजार भागिले साधारण 11 हजार, म्हणजे 1.9! त्याच ऑक्टोबरमध्ये सेन्सेक्स साडेआठ हजारांवर कोसळला आणि उत्तर पुन्हा पाऊणच्या खाली आलं.

पण मधला 2005 चा डिसेंबर बघा. तेव्हा सेन्सेक्स 9,400 आणि सोनं साडेसात हजार, उत्तर सव्वा. "एकच्या वर गेलं, शेअर्स महाग" म्हणून कोणी विकले असते, तर पुढची दोन वर्षं त्याने सेन्सेक्स दुप्पट होताना नुसता बघितला असता. टोकाला गेलोय एवढं हे गुणोत्तर सांगतं, परत कधी फिरणार ते सांगत नाही.

शिवाय त्या "एक"ला तरी काय अर्थ? 1978-79 साली सेन्सेक्सचा पाया 100 धरला म्हणून, आणि आपण 10 ग्रॅम मोजतो म्हणून तो आला. तोळ्याने, म्हणजे 11.66 ग्रॅमने मोजलं तर आकडाच बदलतो.

आणखी दोन गोच्या आहेत. पहिली लाभांशाची. सेन्सेक्सच्या आकड्यात तो धरत नाहीत. वर्षाला सव्वा टक्का जरी धरला, तरी 20 वर्षांत चक्रवाढीने सुमारे 28 टक्के होतात. म्हणजे 2003 चा 0.6 आणि 20 वर्षांनंतरचा 0.6 सारखे नव्हेत. दुसरी सरकारची. जुलै 2024 मध्ये सोन्यावरचं आयात शुल्क 15 वरून 6 टक्क्यांवर आलं. तेवढ्यानेच, निव्वळ गणिताने, भाव जवळजवळ 8 टक्के उतरायला हवा आणि गुणोत्तर वर जायला हवं. ना कंपन्यांचा नफा वाढला, ना जगात सोनं स्वस्त झालं!

म्हणून माझं मत असं : नवीन बचत कुठे थोडी जास्त टाकायची, एवढ्यापुरतं हे गुणोत्तर जरूर बघावं. पण 2003 पासून मोजून दोन-तीन चढउतार झालेत. लॅबमध्ये तीन रीडिंग्जवर ग्राफ काढला तर सर जर्नल परत देतात. मग त्याच जोरावर आईच्या बांगड्या का मोडायच्या?