चिवडा आला, चकली राहिली

गल्ल्यावरून

'नमस्कार, मला आपल्या उत्पादनांविषयी माहिती हवी आहे.' दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅप लिंकवर बोट लावलं की बहुतेक वेळा हेच वाक्य आयतं टाइप झालेलं दिसतं. त्यावर दुकानदार विचारणार, काय हवंय? किती? कुठे पाठवू? मग आयत्या वाक्यानं काम कोणाचं वाचवलं? माझं म्हणणं एवढंच, की हे प्रश्न त्या मजकुरातच असावेत.

फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या घरगुती दुकानाची लिंक अशी करता येईल:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Chivda%20%26%20chakli%0AKiti%20kilo%3A%0APatta%3A
```

फुल्यांच्या जागी आपला दहा आकडी नंबर घालायचा. आधीचं 91 हवंच. अधिकचं चिन्ह, शून्य, मोकळी जागा, आडवी रेघ काही नको. 91 गाळलं आणि नंबर 98 ने सुरू होत असला, तर तो इराणचा कोड म्हणून वाचला जातो आणि नंबर चुकीचा असल्याचा निरोप येतो.

ही चूक निदान लगेच कळते. `&` ची कळत नाही. लिंकमध्ये हे चिन्ह म्हणजे 'इथून पुढे वेगळी माहिती'. ते तसंच टाकलं तर गिऱ्हाइकाला नुसतं 'Chivda' दिसतं, चकली गळून पडते. लिंक उघडते, निरोप येतो, म्हणून कोणाला शंकाही येत नाही. `#` पुढचा मजकूरही असाच जातो. म्हणून `&` साठी `%26`, मोकळ्या जागेसाठी `%20`, नव्या ओळीसाठी `%0A` लिहायचं. त्यापेक्षा सोपं म्हणजे सरळ 'ani' लिहावं.

मजकूर देवनागरीतही चालतो, पण लिंकमध्ये प्रत्येक अक्षरचिन्हाची नऊ चिन्हं होतात. एकट्या 'नमस्कार'ची 63. पोस्टमध्ये लिंक द्यायची असेल तर बिघडत नाही. पत्रकावर क्यूआर कोड छापायचा असेल तर मात्र तो दाट होतो आणि लहान आकारात फोनला वाचायला जड जातो. तिथे रोमन बरं.

हा मजकूर आपोआप जात नाही. गिऱ्हाईक तो वाचतं, हवा तसा बदलतं आणि मग पाठवतं. किलो आणि पत्त्यापुढची जागा भरता येते ती त्यामुळेच. पण त्याच कारणानं मजकुरात भाव लिहू नये. तिथला आकडा कोणीही बदलू शकतं आणि गेल्या वर्षीचं पत्रक हाती लागलेलं गिऱ्हाईक जुनाच भाव पाठवील. भाव दुकानानं उत्तरात सांगावा.

पत्रक छापायला टाकण्याआधी, दुकानाचा नंबर सेव्ह नसलेल्या फोनवरून लिंक उघडा आणि मजकूर शेवटच्या शब्दापर्यंत आलाय का ते वाचा. चकली राहिली असेल तर तिथेच कळेल.

– गल्लेकर