विश्लेषण : एमसीबी असतानाही शूटिंगच्या सेटवर शॉक का लागतो?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर परिसरात बंगला किंवा फार्महाऊस भाड्याने घेऊन शूटिंग करायचे, तर दिव्यांसाठी वीज अनेकदा घरच्याच बोर्डातून घेतली जाते. त्यात नेमका धोका कुठे असतो?

‘अनुपमा’च्या सेटवर काय घडले?
14 नोव्हेंबर 2024 रोजी गोरेगावच्या फिल्मसिटीत या मालिकेच्या सेटवर कॅमेरा विभागातील सहायकाचा विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. त्याने लाइटचा रॉड आणि कॅमेरा एकाच वेळी उचलला आणि त्याच्या पायात चप्पल नव्हती, असे निर्मात्यांनी निवेदनात म्हटले होते. ही मानवी चूक असल्याचे त्यांचे म्हणणे होते.

एमसीबी का वाचवत नाही?
एमसीबीचे काम वायर वाचवण्याचे आहे. 16 अँपिअरचा एमसीबी त्याहून जास्त करंट गेला तरच पडतो. माणसाचा जीव जायला मात्र 50 ते 100 मिलिअँपिअर, म्हणजे अँपिअरचा दहावा भागही पुरतो. त्यासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. गेलेला करंट परत येताना कमी भरला, तर तो क्षणात वीज तोडतो. माणसाकडून चूक होणार हे गृहीत धरूनच हे उपकरण बसवतात. ते चालू आहे का, हे त्यावरील टेस्ट बटण दाबून शूटिंगआधी पाहता येते.

लोड कसा मोजायचा?
समजा, बदलापूरच्या बंगल्यात 2 किलोवॉटचे दोन दिवे एकाच सॉकेटवर लावले. 4000 वॉट भागिले 230 व्होल्ट, म्हणजे सुमारे 17.4 अँपिअर. सॉकेट 16 अँपिअरचे आहे. पण एमसीबी एवढ्या थोड्या वाढीला लगेच पडत नाही. दिवे तासन्‌तास सुरू राहतात आणि प्लग तापत जातो. प्लग हाताला गरम लागला किंवा जळका वास आला, की एक दिवा दुसऱ्या सर्किटवर किंवा जनरेटरवर घ्यावा. एक्स्टेंशनची केबल रिळावर गुंडाळलेली ठेवली तर आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि आवरण वितळते. म्हणून ती पूर्ण उलगडावी.

थकव्याचा संबंध काय?
मालिकांची पाळी साधारण 12 तासांची. बदलापूरहून गोरेगावला जाणारा कामगार दादरला लोकल बदलतो. येण्याजाण्यात चार तास धरले, तर जेवण, अंघोळ आणि झोपेला मिळून आठच तास उरतात. अशा माणसाकडून पॅकअपच्या घाईत चालू दिवाच उचलला जाऊ शकतो. त्यामुळे क्रम ठरलेला हवा : आधी मेन बंद, मग प्लग काढणे, शेवटी केबल गुंडाळणे. आणि मेन बंद केल्याचे एकाच व्यक्तीने मोठ्याने सांगेपर्यंत कोणीही रॉडला हात लावू नये.