विश्लेषण : शेअर निम्म्यावर आला, पण पैसे कुठेच गेले नाहीत! बॅकटेस्टआधी जुने भाव दुरुस्त का करायचे?

नवी मुंबईत घणसोलीला विस्तीर्ण संकुल असलेल्या रिलायन्स इंडस्ट्रीजचा शेअर शुक्रवार, २५ ऑक्टोबर २०२४ रोजी साधारण २,६५५ रुपयांवर बंद झाला. सोमवारी, २८ ऑक्टोबरला तोच शेअर १,३३० रुपयांच्या आसपास होता. कंपनीवर कोणतेही संकट कोसळले नव्हते. एका शेअरमागे एक बोनस शेअर देण्याची ती तारीख होती. ज्याच्याकडे ४० शेअर होते त्याच्याकडे ८० झाले. शुक्रवारी त्यांची किंमत सुमारे १ लाख ६ हजार रुपये होती आणि सोमवारीही जवळपास तेवढीच होती.

गुंतवणूकदाराला हे समजते. संगणकाला मात्र समजत नाही. जुन्या भावांवर एखादी खरेदी-विक्रीची पद्धत तपासून पाहणे, म्हणजेच बॅकटेस्ट, आता घरच्या लॅपटॉपवर सहज करता येते. पण त्यात टाकलेले भाव दुरुस्त केलेले नसतील, तर हाती येणारा नफा-तोटा काल्पनिक असतो. आणि त्याच आकड्यांच्या भरवशावर पुढे खरे पैसे लावले जातात.

दुरुस्ती न केल्यास नेमके काय घडते?

साधी पद्धत घेऊ. शेअर खरेदी भावापेक्षा ८ टक्के घसरला की विकायचा, असा स्टॉपलॉस आहे. शुक्रवारी ४० शेअर घेतले. सोमवारी संगणकाला भाव निम्म्यावर दिसतो, तो ४० शेअर १,३३० रुपयांनी विकतो आणि सुमारे ५३ हजारांचा तोटा लिहितो. बोनसचे ४० शेअर त्याच्या हिशेबात येतच नाहीत.

उलट प्रकार अधिक घातक. कोणी मंदीची पद्धत तपासत असेल, म्हणजे आधी विकून नंतर स्वस्तात घेण्याची, तर त्याच दिवशी त्याला ५० टक्के नफा दिसेल. तोटा दिसला की माणूस शंका घेतो, नफा दिसला की सहसा घेत नाही. दहा वर्षांच्या चाचणीत असे चार-पाच बोनस आणि विभाजन आले, तर टाकाऊ पद्धतही सोन्याची खाण वाटू लागते.

ही चूक एका दिवसापुरतीही राहत नाही. अनेक जण २०० दिवसांच्या सरासरीवर विसंबतात. भाव सरासरीच्या वर असेल तर शेअर ठेवायचा, खाली गेला तर विकायचा. बोनसनंतर या सरासरीत जुने अडीच-तीन हजारांचे भाव आणि नवे तेराशेचे भाव एकत्र होतात. शेवटचा जुना भाव बाहेर पडायला बाजाराचे २०० दिवस, म्हणजे साधारण साडेनऊ महिने लागतात. तोपर्यंत सरासरी फुगलेलीच राहते आणि पद्धत विनाकारण बाहेर बसते.

दुरुस्ती कशी करतात?

आजचा भाव तसाच ठेवायचा आणि त्या घटनेच्या आधीच्या सगळ्या भावांना एका गुणकाने गुणायचे. गुणक तीन प्रकारचे असतात.

```
bonus = b / (a + b)
split = new_face / old_face
div   = 1 - D / P
```

बोनसमध्ये `b` म्हणजे हातातले शेअर आणि `a` म्हणजे त्यांवर मिळालेले नवे शेअर. रिलायन्सच्या १:१ बोनसला गुणक १/२ येतो. इथे एक हमखास चूक होते. १:२ बोनस म्हणजे दोन शेअरवर एक नवा, त्यामुळे गुणक २/३ असतो. घाईत अनेक जण तिथे १/२ धरतात.

विभाजनात दर्शनी मूल्य पाहायचे. आयआरसीटीसीने ऑक्टोबर २०२१ मध्ये १० रुपयांचा शेअर २ रुपयांचा केला, म्हणजे गुणक २/१०. बोनस आणि विभाजन दोन्हींत व्यवहार झालेल्या शेअरची जुनी संख्या त्याच गुणकाने भागायला हवी. नाहीतर घटनेनंतर उलाढाल अचानक वाढल्याचा भास होतो.

लाभांशाच्या गुणकात `D` म्हणजे प्रतिशेअर लाभांश आणि `P` म्हणजे एक्स-डेटच्या आदल्या दिवसाचा बंद भाव. एक्स-डेट म्हणजे ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो लाभ मिळत नाही तो दिवस. रिलायन्सने ऑगस्ट २०२४ मध्ये १० रुपये लाभांश दिला, तेव्हा भाव २,९५० च्या आसपास होता. गुणक आला ०.९९६६. त्याआधीच्या भावांना हा गुणक लागेल आणि ऑक्टोबरच्या बोनसचा १/२ सुद्धा. दोन्हींचा गुणाकार ०.४९८३. म्हणजे लाभांशाआधीच्या एखाद्या दिवशी भाव ३,००० रुपये असेल, तर दुरुस्त भाव सुमारे १,४९५ रुपये.

इथेही एक फसगत आहे. भाव आधीच बोनसनुसार निम्मे केलेले असतील, तर लाभांशही १० ऐवजी ५ रुपये धरायला हवा. निम्म्या भावातून पूर्ण लाभांश वजा केला, तर दुरुस्ती दुप्पट होते.

लाभांश एवढा किरकोळ, मग कशाला?

रिलायन्सपुरते पाहिले तर वर्षाला अर्धा टक्काही नाही. पण वेदांताचे २०२२-२३ हे वर्ष पाहा. कंपनीने त्या वर्षासाठी पाच हप्त्यांत ३१.५०, १९.५०, १७.५०, १२.५० आणि २०.५० असा एकूण १०१.५० रुपये लाभांश जाहीर केला. शेअरचा भाव तेव्हा बराच काळ ३०० रुपयांच्या आसपास होता. फक्त भावाचा चार्ट पाहणाऱ्याला शेअर खाली घसरत गेलेला दिसतो. पण धारकाच्या बँक खात्यात दरम्यान मोठी रक्कम जमा झालेली असते. शिवाय ३०० रुपयांच्या शेअरवर १७.५० रुपये म्हणजे जवळपास ६ टक्के. एक्स-डेटला तेवढ्या घसरणीने कुणाचाही जवळचा स्टॉपलॉस लागू शकतो.

बऱ्याच अॅपवरचे चार्ट बोनस आणि विभाजन धरतात, नेहमीचा लाभांश धरत नाहीत. याहू फायनान्सवर `Close` हा विभाजन-बोनसनुसार दुरुस्त असतो, तर `Adj Close` मध्ये लाभांशही येतो. त्यावरून भाव उतरवून घेणाऱ्या `yfinance` मध्ये `auto_adjust=True` असेल, तर `Close` या नावाखालीच लाभांशासह दुरुस्त भाव मिळतो. नाव एकच आणि आकडे वेगळे, म्हणून गोंधळ होतो. तुलना करतानाही न्याय हवा. शेअरच्या परताव्यात लाभांश धरला, तर समोर साधा निफ्टी ५० न ठेवता लाभांश धरणारा निफ्टी ५० टीआरआय ठेवायला हवा.

मग फक्त दुरुस्त भाव वापरले की झाले?

नाही. या विषयातली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच आहे. रिलायन्सने २००९, २०१७ आणि २०२४ मध्ये असे तीन वेळा १:१ बोनस दिले. २००९ आधीच्या एका शेअरचे आज आठ झाले. जानेवारी २००८ मध्ये शेअर ३,००० रुपयांच्या वर गेला होता. फक्त हे तीन बोनस धरले, तरी दुरुस्त भाव ४०० रुपयांच्या आसपास दिसतो.

आता एखाद्याने ‘५०० रुपयांपेक्षा स्वस्त शेअर घ्या’ अशी पद्धत दुरुस्त भावांवर तपासली, तर संगणक २००८ मध्ये रिलायन्स उचलेल. त्या दिवशी बाजारात हा भाव अस्तित्वातच नव्हता. पुढे कोणती कंपनी बोनस देणार, हे चाचणीला आधीच कळलेले असते. बोनस आणि विभाजन अनेकदा भाव चढलेल्या कंपन्या करतात. त्यामुळे अशी चाचणी नकळत पुढे वाढलेलेच शेअर निवडते आणि निकाल चमकदार येतो.

म्हणून दोन रांगा लागतात. परतावा, सरासरी, चढ-उतार यांसाठी दुरुस्त भाव. शेअर किती रुपयांचा होता, एक लाखात किती आले असते, अमुक रकमेच्या वर की खाली, अशा प्रश्नांसाठी त्या दिवसाचा मूळ भाव. एक्स्चेंज रोज प्रसिद्ध करते त्या भावकॉपीत मूळ भाव मिळतो. तो जपून ठेवायचा आणि गुणकांचा तक्ता वेगळा ठेवायचा. दुरुस्त रांग हवी तेव्हा पुन्हा तयार करता येते, पुसलेला मूळ भाव मात्र परत मिळवावा लागतो.

लाभांशासह दुरुस्त रांगेलाही मर्यादा आहे. लाभांशाची पूर्ण रक्कम त्याच दिवशी त्याच शेअरमध्ये पुन्हा गुंतवली, असे ती गृहीत धरते. एप्रिल २०२० पासून लाभांशावर धारकाला कर भरावा लागतो, तो त्यात नसतो.

चूक कशी ओळखायची?

रोजचा भाव आदल्या दिवसाच्या भावाने भागा. उत्तर ०.५, ०.२, ०.१ किंवा ०.६७ च्या जवळ आले, तर दुरुस्ती राहिली आहे. २ किंवा ५ च्या जवळ आले, तर बहुधा दोनदा किंवा चुकीच्या तारखेला झाली आहे. वायदे व्यवहारात नसलेल्या शेअरला दिवसाला जास्तीत जास्त २० टक्क्यांची मर्यादा असते, त्यामुळे त्याहून मोठी उडी दिसली की एक्स्चेंजची नोंद तपासा.

तारीखही बघा. गुणक एक्स-डेटला लागतो, रेकॉर्ड डेटला नाही. जानेवारी २०२३ पासून व्यवहाराचे शेअर दुसऱ्या दिवशी जमा होऊ लागल्यावर या दोन तारखा सहसा एकच असतात, पूर्वी नव्हत्या. रिलायन्सच्या २०१७ च्या बोनसची रेकॉर्ड डेट ९ सप्टेंबर, म्हणजे शनिवार होती. भाव निम्मा झाला तो गुरुवारी, ७ सप्टेंबरला.

शेवटची परीक्षा २० जुलै २०२३ ची. त्या दिवशी जिओ फायनान्शियल रिलायन्सपासून वेगळी झाली. एनएसईवर आदल्या दिवशीचा २,८४१.८५ रुपयांचा भाव सकाळच्या विशेष सत्रात २,५८० ठरला. फरकाचे २६१.८५ रुपये म्हणजे नव्या कंपनीची किंमत, साधारण ९ टक्के. हा बोनस नव्हता, विभाजन नव्हते आणि लाभांशही नव्हता. त्यामुळे अनेक दुरुस्त रांगांतून ही घटना निसटू शकते. आपल्या डेटात त्या दिवशी मोठी घसरण दिसते का, हे पाहायला एक मिनिट लागते.

समाजमाध्यमांवर बॅकटेस्टचे उंच जाणारे आलेख दाखवून पद्धती विकल्या जातात. त्या विकणाऱ्याला परताव्याआधी विचारायला हवे की भाव कोणते वापरले, लाभांश धरला का आणि शेअर निवडताना मूळ भाव घेतला की दुरुस्त. उत्तर देता येत नसेल, तर त्या आलेखावर पैसे लावू नयेत.