रश्श्यातल्या फोडी बाजूला काढल्या की झाला शाकाहार?

लेकीनं गेल्या श्रावणात मटण सोडलं ते श्रावण संपला तरी सोडलेलंच. आमचं घर कोल्हापूरचं, रविवारी तांबडा-पांढरा ठरलेला. सासूबाई म्हणाल्या, चार दिवसांचं खूळ आहे. दीर म्हणाले, "रस्सा घे की, फोडी बाजूला काढ." आणि मी तिला बटाट्याची भाजी वाढत राहिले. सहा महिन्यांनी पोरगी जिना चढताना धापा टाकायला लागली. हिमोग्लोबिन 9! लगेच सगळे म्हणायला मोकळे, "बघा, मटण सोडल्याचं फळ."

साफ खोटं. दोष माझ्या बटाट्याचा. 100 ग्रॅम मटणात 20 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, तेवढ्याच बटाट्यात दोन. लोहाचंही तेच. मटण काढलं आणि त्या जागी काहीच ठेवलं नाही. 2023 मध्ये सरकारनं शाळेत आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं आणि अंडं न खाणाऱ्या पोराला केळं. अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं, केळ्यात एक. तेव्हा मी इथंच सरकारला झोडपलं होतं. घरात मात्र तोच कारभार!

"मग दोन-दोन स्वयंपाक करायचे का?" हा प्रश्न विचारणारे बहुतेक स्वयंपाक न करणारेच असतात. नाही करायचे. कांदा, सुकं खोबरं, तीळ, खसखस, आलं-लसूण हे वाटण मुळात शाकाहारीच आहे. मी ते एकदाच भाजते, वाटते आणि मटणाला हात लावायच्या आधी तिचा वाटा काढून ठेवते. त्यात कांदा-लसूण चटणी आणि शिजवलेला अख्खा मसूर घातला की तिचा तांबडा तयार. कच्चा मसूर 50 ग्रॅम, म्हणजे साधारण 12 ग्रॅम प्रथिनं. सोबत दह्याची वाटी, कारण बी-12 डाळी-कडधान्यांत नसतं.

फसगत होते ती पांढऱ्या रश्श्यात. दिसायला नुसतं नारळाचं दूध, पण खाली मटणाची अळणी असते. तिच्यासाठी मी अळणीऐवजी पांढऱ्या वाटाण्याचं शिजवलेलं पाणी घेते. आणि डाव वेगळा. तिच्या पातेल्यात मटणाचा डाव बुडवलात तर तिनं ताट सरकवावं, मी तिच्याच बाजूनं.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात, त्या चालू आहेत. मसुरावर लिंबू पिळायचं आणि जेवणावर लगेच चहा नाही, हेही त्यांनीच सांगितलं, कारण लिंबानं लोह अंगी लागतं, चहानं अडतं. चहाबंदीवरनं घरात जेवढी बोंब झाली तेवढी हिमोग्लोबिनवरनं झाली नव्हती.

एक राहिलंच. वाटाणे रात्रभर भिजावे लागतात. शनिवारी ते भिजत घालायचं काम आता दिरांकडं दिलंय. दोनदा विसरले. त्या दोन्ही रविवारी अख्ख्या घरानं मसूर खाल्ला, मटण आणलंच नाही.