अंधारात लकाकणारे डोळे कुणाचे?



मोटारीला रात्रीची वीज असली, की गव्हाला नाहीतर कांद्याला पाणी धरायला रात्रीच रानात जावे लागते. शेजारी उसाचा फड उभा असतो. बॅटरीचा झोत फिरवता फिरवता फडाच्या कडेला दोन ठिपके लकाकतात आणि काळजात धस्स होते. मांजर, कुत्रे, कोल्हा, की बिबट्या? जुन्नर, आंबेगाव, निफाड, संगमनेर, अकोले या भागांत बिबट्याची मादी उसातच विते, उसातच पिले वाढवते. तिथल्या घरांना हा प्रश्न नवा नाही. त्या दोन ठिपक्यांवरून काय ओळखता येते आणि काय येत नाही, ते आज पाहू.

आधी डोळे चमकतात का, ते सांगतो. गाय, शेळी, कुत्रा, मांजर, कोल्हा, बिबट्या या जनावरांच्या डोळ्यात अगदी मागे आरशासारखा चकाकणारा थर असतो. आत आलेला उजेड त्यावर आपटून परत फिरतो, आणि जनावराला अंधुक उजेडातही दिसते. परत फिरलेला उजेड ज्या वाटेने आला त्याच वाटेने जातो. म्हणून बॅटरी कमरेशी धरली तर डोळे मंद दिसतात किंवा दिसतच नाहीत. तीच बॅटरी कानशिलाशी, आपल्या डोळ्याच्या पातळीत धरा, की डोळे लख्ख दिसतात. खांबावरच्या दिव्याचा उजेड कितीही असला, तरी त्यात डोळे चमकताना दिसत नाहीत, याचे कारणही हेच.

माणसाच्या डोळ्यात हा थर नसतो. रानडुकराच्याही नसतो. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. मक्यात डुकरांचा कळप शिरला असला, तरी झोतात डोळे दिसतीलच असे नाही. दिसले तरी मंद, तांबूस. डोळे दिसले नाहीत म्हणून रान मोकळे आहे, असे समजून पुढे जाऊ नका.

आता रंग. गाईबैलांचे डोळे साधारण निळसर हिरवे दिसतात, कुत्रा, कोल्हा आणि बिबट्या यांचे पिवळसर हिरवे. सशाचे तांबूस, आणि पायवाटेवर बसलेल्या रातव्याचा डोळा तर निखाऱ्यासारखा लाल. पण रंगावर विसंबू नये. तो चकाकणारा थर डोळ्याच्या मागच्या भागात वरच्या अंगाला असतो, खालच्या अंगाला नसतो. त्यामुळे एकाच कुत्र्याने मान कलती केली, की हिरवा डोळा तांबूस दिसू लागतो. लहान पिलांचे डोळे निळसर दिसतात. जुन्या पिवळ्या बल्बच्या आणि आजच्या पांढऱ्या एलईडी बॅटरीच्या उजेडातही फरक पडतो. शिवाय कुत्रा आणि बिबट्या यांचा रंग जवळपास सारखाच, म्हणजे नेमकी जिथे अडचण, तिथेच रंग उपयोगी पडत नाही.

मग दोन डोळ्यांमधले अंतर? ते जास्त उपयोगी आहे, पण एका अटीवर. मांजराच्या दोन डोळ्यांत साधारण दोन बोटांचे अंतर असते, बिबट्याच्या डोळ्यांत त्याच्या जवळजवळ दुप्पट. आता असे समजा, की मांजर तुमच्यापासून वीस पावलांवर आहे आणि बिबट्या चाळीस पावलांवर. तुमच्या नजरेला दोन्ही जोड्या सारख्याच दिसतील. हात लांब करून बोटावर राजगिऱ्याचा दाणा धरला, तर तो दिसेल जेवढा, तेवढेच हे अंतर. म्हणजे जनावर किती लांब आहे हे कळल्याशिवाय डोळ्यांतल्या अंतराला काही अर्थ नाही. अंधारात लांबी नुसत्या नजरेने कळत नाही, म्हणून ओळखीच्या वस्तूचा आधार घ्यावा: विजेचा खांब, कुंपणाचा डांब, पाण्याचा पाट. दिवसा धारेपासून त्या वस्तू किती पावलांवर आहेत ते मोजून ठेवले, तर रात्री तेच माप कामाला येते.

उंचीही अशीच पाहावी. उभ्या गाईचे डोळे कमरेच्या आसपास किंवा वर, उभ्या बिबट्याचे गुडघ्याच्या थोडे वर, मांजराचे पोटरीच्याही खाली. मात्र बिबट्या दबा धरून बसला, की त्याचेही डोळे जमिनीपासून वीतभरावर येतात. तेव्हा डोळे उंच दिसले तर मांजर नाही एवढे नक्की म्हणता येते. डोळे खाली दिसले म्हणून बिबट्या नाही, असे म्हणता येत नाही.

आता एक प्रसंग धरून चालू. तुम्ही पाटाशी उभे आहात आणि फडाच्या कडेला, चाळीस पावलांवरच्या खांबाशेजारी, दोन पिवळसर हिरवे डोळे दिसले. पुढे जाऊ नका. बॅटरी कानशिलाशी धरून पाहा. चरणाऱ्या जनावराचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, त्यामुळे पुष्कळदा एकच डोळा चमकतो, मान खाली गेली की विझतो, वर आली की पुन्हा दिसतो. इथे दोन्ही डोळे समोर, एका पातळीत आणि स्थिर आहेत. म्हणजे गुरू-वासरू नव्हे, शिकार करणारे जनावर आहे. खांबाला लागून असल्यामुळे लांबी कळली, आणि डोळे गुडघ्याच्या वर आहेत, म्हणून मांजरही नव्हे. उरले कुत्रे, कोल्हा आणि बिबट्या. इथून पुढे नुसत्या डोळ्यांवरून निवाडा होत नाही. मोठ्याने बोला. कुत्रे बहुधा भुंकते, शेपूट हलवत येते किंवा निघून जाते. डोळे तसेच तुमच्यावर खिळून राहिले किंवा आवाज न होता खाली गेले, तर बिबट्या समजूनच वागावे. पाठ फिरवू नये, वाकू-बसू नये, पळू नये. बोलत बोलत, झोत तसाच ठेवून, मागे सरत वस्तीकडे यावे.

मोबाईलवर फोटो निघाला असेल तर सकाळी त्याची पडताळणी करता येते. एका काठीवर वीत-वीत अंतराने पांढऱ्या चिंध्या बांधा, ती काठी डोळे दिसले त्याच जागी रोवा, आणि रात्री जिथून फोटो काढला तिथूनच, झूम तेवढाच ठेवून दुसरा फोटो काढा. दोन्ही फोटो शेजारी धरले, की डोळ्यांतले अंतर आणि उंची यांचे माप मिळते. जनावराने मान तिरकी केलेली असली तर अंतर कमी भरते, हे मात्र ध्यानात ठेवा. ते खऱ्यापेक्षा जास्त कधी भरत नाही. वनखात्याच्या रात्रीच्या कॅमेऱ्यांतले फोटो पुष्कळदा काळे-पांढरे असतात, त्यांत सगळ्यांचेच डोळे पांढरे दिसतात. तिथेही मापच कामाला येते.

काठी रोवायला दोघे-तिघे मिळून, चांगले उजाडल्यावर जा आणि ओल्या वाफ्यात पाऊल उमटले आहे का पाहा. कुत्र्या-कोल्ह्याच्या पावलात नखांच्या खुणा पुढे दिसतात. बिबट्या चालताना नखे आत ओढून घेतो, त्याच्या पावलात त्या बहुधा नसतात. नखे नसलेले मोठे पाऊल आणि काठीवरचे माप दोन्ही जुळले, तर पावलावर पाटी उपडी घालून ठेवा, फोटो जपून ठेवा, वनरक्षकाला कळवा, आणि त्या रात्री शेळ्या बंद गोठ्यात बांधा.