Explained : निवृत्तीचे २५ लाख दुकानात घालावेत की व्याजावर ठेवावेत? आधी हा हिशेब करा

कारखान्यातून वा खासगी कंपनीतून निवृत्त होताना पीएफ आणि ग्रॅच्युइटीची रक्कम एकदम हातात पडते. त्याच सुमारास घरात एक प्रश्न हमखास निघतो. हे पैसे बँकेत ठेवून काय होणार, त्यापेक्षा एखादं दुकान टाकलं तर? बऱ्याचदा मुलाला नोकरी नसते, त्यामुळे हा प्रश्न नुसता पैशांचा राहत नाही.

हमीचं उत्पन्न किती मिळतं?

समजा, चाकणच्या एका कारखान्यातून ५८ व्या वर्षी निवृत्त झालेल्या कामगाराला २५ लाख रुपये मिळाले. नोकरी ३० वर्षांची झाली असेल आणि पेन्शनचा हिशेब १५ हजारांच्या वेतनमर्यादेवर झाला असेल, तर ईपीएस पेन्शन महिन्याला साधारण ६,८०० रुपये बसते.

पोस्टात किंवा बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं खातं उघडता येतं. एरवी त्यासाठी वयाची ६० वर्षं पूर्ण लागतात. पण ५५ नंतर निवृत्त झालेल्यांना निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत हे खातं उघडता येतं. ही मुदत अनेकांची केवळ माहिती नसल्यामुळे हुकते. एका व्यक्तीसाठी कमाल मर्यादा ३० लाखांची आहे. एप्रिल २०२३ मध्ये व्याजदर ८.२ टक्के झाला. खातं उघडताना जो दर असेल तो पाच वर्षं बदलत नाही. ८.२ टक्क्यांनी २५ लाखांवर दर तिमाहीला ५१,२५० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे १७ हजार मिळतात.

दुकानाला किती कमवावं लागेल?

आता याच रकमेतले १५ लाख किराणा दुकानात गेले असं धरू. डिपॉझिट, फर्निचर, फ्रिज आणि माल यांत ते संपतात. भाडं १२ हजार, वीज ४ हजार आणि मदतनीसाचा पगार १० हजार धरला, तर महिन्याचा खर्च २६ हजार होतो. बहुतेक जण हिशेब इथेच थांबवतात.

खरं तर यात आणखी दोन आकडे मिळवायला हवेत. १५ लाखांवरचं महिन्याचं १०,२५० रुपये व्याज बुडतं, तो पहिला. दुसरा म्हणजे स्वतः दिवसभर गल्ल्यावर बसण्याची मजुरी. ती किमान १२ हजार धरायला हवी. एकूण ४८,२५० रुपये झाले. सरासरी दहा टक्के मार्जिन सुटत असेल, तर महिन्याला ४ लाख ८२ हजारांची विक्री हवी. महिन्याचे २६ दिवस दुकान उघडं ठेवलं, तर रोज साडेअठरा हजारांचा गल्ला जमला पाहिजे. २०० रुपयांचं एक बिल धरलं तर दिवसाला ९० हून जास्त गिऱ्हाईकं लागतात. ती त्या गल्लीत आहेत का, हे समोरच्या चालू दुकानापाशी आठवडाभर उभं राहून मोजता येतं.

धंदा बुडतोय हे कळतं कसं?

रोज गल्ल्यात पैसे येत असल्यामुळे तोटा बराच काळ दिसत नाही. उधारीची वही जाड होत जाते आणि मुदत संपलेला माल फळीवरच राहतो. घरखर्चही गल्ल्यातूनच होतो. नवा माल भरायला पुन्हा ठेवीतून पैसे काढावे लागले, तर दुकान भांडवल खातंय हे नक्की समजावं. दुकान बंद केल्यावर डिपॉझिट परत मिळतं, पण फर्निचर मिळेल त्या भावात काढावं लागतं. बचत योजना दोन वर्षांनंतर मोडली, तर मुद्दलातून फक्त एक टक्का कापला जातो. दोन्हींतल्या जोखमीतला हा फरक आहे.

व्याजालाही मर्यादा आहे

हमीचं उत्पन्न वाढत नाही. महागाई वर्षाला सहा टक्के राहिली, तर आजच्या १७ हजारांत पाच वर्षांनी आजच्या पावणेतेरा हजारांइतकंच सामान येईल. शिवाय हे व्याज करपात्र आहे. म्हणून धंद्याचा विचार मुळातच चूक ठरत नाही.

मग करावं काय?

क्रम बदलावा. आधी घरखर्च मांडावा. तो २२ हजार असेल, तर पेन्शन वजा जाता १५,२०० रुपये कमी पडतात. तेवढं व्याज मिळायला सुमारे २२ लाख २५ हजार बचत योजनेत ठेवावे लागतील. उरतात पावणेतीन लाख. त्यातही दवाखान्यासाठी काही रक्कम बाजूला ठेवणं आलंच. म्हणजे या घराला १५ लाखांचं दुकान झेपणारं नाही. घरच्या जागेत पिठाची छोटी गिरणी किंवा डब्यांचा व्यवसाय झेपेल.

मुलाला मोठा धंदा करायचा असेल, तर त्याने स्वतःच्या नावावर तारण न लागणारं मुद्रा कर्ज काढावं. हप्ता त्याचा असला की गल्ल्याचा हिशेबही तोच ठेवील. तिशीतल्या माणसाला बुडालेलं भांडवल पुन्हा उभं करायला वीस-पंचवीस वर्षं असतात, साठीतल्या बापाकडे ती नसतात. मुलाला नाही म्हणणं जड जातं. पण ठेव मोडून दिल्यावर पुढे महिन्याच्या औषधांसाठी त्याच्याच पुढे हात पसरावा लागणं त्याहून जड असतं.